मार्चमधला रब्बी, जानेवारीतला खरीप

मार्च संपत आलेला असतो. हरभरा काढून झालेला, गहू खळ्यावर, शाळूची कणसं मोडून कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या. रब्बी संपला असं म्हणायला कोणाची हरकत नसावी. पण महाराष्ट्राच्या पीक विम्याच्या सूचनेत एक ओळ असते : रब्बी हंगाम, उन्हाळी भुईमूग, अंतिम मुदत ३१ मार्च. ज्या दिवशी गावातला रब्बी आवरलेला असतो, त्या दिवसापर्यंत कागदावरच्या रब्बीत नाव घालता येतं. शेजारी उन्हाळी भात, त्याचीही मुदत तीच. नावातच उन्हाळी असलेली दोन पिकं रब्बीच्या यादीत बसलेली पाहून पहिल्यांदा वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटते. ती चूक नसते.

उलट टोकालाही असंच. जानेवारीत तूर उभी आहे किंवा कापून खळ्यावर पडली आहे, थंडी आहे, शेजारच्या रानात हरभरा घाट्यावर आलाय. कोणालाही विचारा, हंगाम कोणता? रब्बी, असंच उत्तर येईल. पण विम्याच्या पावतीवर त्या तुरीसमोर ‘खरीप’ लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर असतं.

म्हणजे सूचनेतले हे दोन शब्द ऋतू सांगत नाहीत. ते काय सांगतात हे एकदा नीट कळलं की सूचनेतल्या तारखा, टक्के आणि पिकांची उलटसुलट वाटणारी यादी आपोआप जागेवर येते.

दोन्ही शब्द अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेले. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. यात गंमत अशी की आपण खरीप म्हणतो तो पावसाळ्यात पेरलेल्या पिकाला आणि रब्बी म्हणतो तो थंडीतल्या पिकाला. शरद आणि वसंत कुठेच दिसत नाहीत. ते दिसतात कापणीला. पावसात पेरलेलं शरदात हाती येतं, थंडीत वाढलेलं वसंतात. ही नावं सारा वसूल करणाऱ्यांच्या दफ्तरातून आली, आणि वसुली करणाऱ्याला पेरणी कधी झाली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. धान्य खळ्यावर कधी येतं एवढंच त्याला हवं होतं. शेतकऱ्याचा हिशोब मात्र नेहमी पेरणीच्या टोकाकडून चालत आला. मृगाची पेरणी, आर्द्रेची पेरणी, हस्ताच्या पावसावरची ज्वारी. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तर भाताच्या दुसऱ्या पिकाला वायंगण असा स्वतःचाच शब्द आहे, तिथे रब्बी हा शब्द सरकारी कागदापुरता.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण आहे. पीक विम्याला ही दोन्ही टोकं लागतात. विमा घ्यायचा तो पेरणीच्या टोकाला, आणि भरपाईचा हिशोब होतो तो कापणीच्या टोकाला. मधलं सगळं अंतर, मग ते सोयाबीनचे साडेतीन महिने असोत की तुरीचे सहा-सात, एकाच नावाखाली बांधून ठेवावं लागतं. सूचनेतला ‘खरीप २०२५’ हा शब्द म्हणजे अशी एक बांधलेली मोट आहे. २०२५ च्या पावसाळ्यात पेरलेलं, यादीत नाव असलेलं पीक, ते हाती येईपर्यंत, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

रब्बीला वर्ष लिहिताना मधे रेघ येते, ‘रब्बी २०२५-२६’, तीही याचमुळे. ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी फेब्रुवारीत निघते, म्हणजे एकाच पिकाला दोन कॅलेंडर वर्षं लागतात. फेब्रुवारी २०२६ मध्ये पेरलेला भुईमूगही याच २०२५-२६ च्या खात्यात. संकेतस्थळावर आपल्या अर्जाची स्थिती पाहताना वर्ष आणि हंगाम दोन्ही निवडावे लागतात. तिथे २०२६ निवडून ‘माझा अर्जच दिसत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

आता यादी. महाराष्ट्राच्या अलीकडच्या सूचनांत खरिपाखाली भात, खरीप ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, मूग, उडीद, भुईमूग, तीळ, कारळे, सोयाबीन, कापूस आणि कांदा अशी पिकं असतात. रब्बीत गहू, रब्बी ज्वारी, हरभरा, रब्बी कांदा, आणि मघाशी म्हटलेली ती दोन उन्हाळी पिकं. सगळ्या पिकांना सगळीकडे विमा मिळत नाही. ज्या जिल्ह्यात, ज्या महसूल मंडळात पीक ‘अधिसूचित’ आहे तिथेच. ऊस या यादीत कुठेच नाही. तो अठरा महिने रानात उभा राहतो, त्याला यातल्या कोणत्याच मोटेत बांधणं सोपं नाही.

खरिपाला सगळ्या पिकांसाठी साधारण एकच शेवटची तारीख, ३१ जुलै. पाऊस लांबला किंवा अर्ज भरण्यात अडचण आली तर ती पुढे सरकते. २०२३ साली ३ ऑगस्टपर्यंत नेली होती. रब्बीला मात्र एक तारीख चालत नाही. ज्वारीला ३० नोव्हेंबर, गहू-हरभरा-कांद्याला १५ डिसेंबर, उन्हाळी भात-भुईमुगाला ३१ मार्च, असा अलीकडचा रिवाज आहे. कारण उघड आहे. खरिपाची पेरणी एका मोसमी पावसाच्या मागे धावते, महिन्या-दीड महिन्यात उरकते. रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होऊन पाण्याच्या सोयीप्रमाणे फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते. ‘रब्बीची मुदत कधी?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पिकाचं नाव घेतल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि हे अपुरं विचारल्यामुळे दरवर्षी फसतो तो ज्वारीवाला. गावात १५ डिसेंबर ही तारीख फिरत असते, तो निवांत असतो, आणि त्याची तारीख पंधरा दिवस आधीच गेलेली असते.

उन्हाळी पिकं रब्बीत का घातली, याचंही उत्तर याच व्यवस्थेत आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हप्त्याचे दर, निविदा, कंपनीची नेमणूक, सगळं दोन हंगामांत बसवलेलं आहे. तिसऱ्या हंगामाचं खातं तिथे वेगळं नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या पिकांना जवळच्या खात्यात जागा करून दिली. अडचण होते ती पुढे. सातबाऱ्यावरच्या पीक नोंदीत, म्हणजे आता मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत, उन्हाळी हा तिसरा हंगाम स्वतंत्र आहे. एकच भुईमूग, तलाठ्याच्या दफ्तरात उन्हाळी आणि विम्याच्या दफ्तरात रब्बी. हे दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही तसेच लिहायचे असतात. विम्यात रब्बी आहे म्हणून पाहणीतही रब्बीच लिहिण्याचा शहाणपणा करू नये.

कांद्याचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. नाशिककडे बाजारात कांद्याची दोन मोठी नावं : लाल आणि उन्हाळ. शेतात मात्र तीन लागवडी. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला लावलेला कांदा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत निघतो, तो खरीप. सप्टेंबर-ऑक्टोबरला लावलेला जानेवारी ते मार्चमध्ये येतो, त्याला रांगडा म्हणतात. बाजारात तोही लालच. डिसेंबर-जानेवारीत लावलेला एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत टिकतो, त्याला बाजारात उन्हाळ कांदा म्हणतात.

आता सूचना उघडा. खरिपात ‘कांदा’, रब्बीत ‘रब्बी कांदा’. उन्हाळ कांदा हा शब्द कुठेच नाही. ज्याला लासलगावच्या लिलावात उन्हाळ म्हणून भाव मिळतो, तोच सूचनेतला रब्बी कांदा. उन्हाळी भुईमुगाच्या ओळीवरून अंदाज बांधून ‘उन्हाळ कांद्यालाही ३१ मार्च असेल’ असं धरून बसलेला माणूस १५ डिसेंबर चुकवतो. आणि रांगडा? त्याच्यासाठी वेगळी ओळच नसते. लागवडीच्या वेळी खरिपाची मुदत उलटून गेलेली असते. रब्बीची मुदत खुली असते, पण मंडळात ज्या कांद्यावर पीक कापणी प्रयोग होणार तो एप्रिल-मेमध्ये निघणारा. फेब्रुवारीतच बाजारात गेलेल्या रांगड्याचं नुकसान त्या आकड्यात उमटणार कसं? माझ्या मते कांद्याच्या पट्ट्यात या शब्दांची सर्वांत मोठी फट हीच आहे. विमा ज्या उत्पन्नावर मोजला जातो ते उत्पन्न दुसऱ्याच लागवडीचं असू शकतं.

हे मोजणं कसं चालतं ते एका उदाहरणात पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पद्धत मात्र खरी. बार्शी तालुक्यातली दोन हेक्टर जमीन धरा. एका हेक्टरवर जूनअखेरीला सलग तूर पेरली. दुसऱ्या हेक्टरवर सोयाबीन, आणि ते ऑक्टोबरात निघाल्यावर त्याच रानात हरभरा. जुलैमध्ये या शेतकऱ्याने तूर आणि सोयाबीन खरिपात भरलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरभरा रब्बीत भरला. दुसऱ्या हेक्टरचा गट नंबर दोन्ही वेळा आला, पण त्यात काही वावगं नाही. खरीप आणि रब्बी हे दोन स्वतंत्र करार आहेत, एकाच जमिनीवर एकाच वर्षात दोन्ही घेता येतात.

तुरीची विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ४५,००० रुपये धरू. खरिपाच्या अन्नधान्य, डाळी आणि तेलबियांना शेतकऱ्याचा हिस्सा जास्तीत जास्त दोन टक्के, म्हणजे ९०० रुपये. हरभऱ्याची रक्कम ३६,००० धरली तर रब्बीचा दर दीड टक्का, म्हणजे ५४० रुपये. या दरापेक्षा वरचा जो खरा हप्ता असतो तो राज्य आणि केंद्र भरतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला. एका बांधाच्या अलीकडे शेंगा भरलेली तूर, पलीकडे फुलाघाट्यातला हरभरा. पाऊस एकच, रात्र एकच, मालक एकच. पण विम्याच्या दृष्टीने अलीकडचं नुकसान खरिपाचं आणि पलीकडचं रब्बीचं. दोघांचे आकडे वेगळे निघतील, वेगळ्या महिन्यांत निघतील, आणि एकात तूट आली म्हणून दुसऱ्यातलं जास्तीचं त्यात वळतं होणार नाही.

तुरीचा हिशोब असा. मंडळातल्या मागच्या सात वर्षांच्या तुरीच्या सरासरी उत्पन्नातली चांगली पाच वर्षं घ्यायची. समजा ती हेक्टरी १,०००, १,०००, ९००, ८५० आणि ७५० किलो आहेत. सरासरी ९०० किलो. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के धरतात, म्हणून ९०० चे ७० टक्के, ६३० किलो. हे उंबरठा उत्पन्न. या वर्षी मंडळात पीक कापणी प्रयोग झाले आणि सरासरी ५०४ किलो आली. उंबरठ्यापेक्षा १२६ किलो कमी, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के कमी. ४५,००० चे २० टक्के, हेक्टरी ९,००० रुपये भरपाई.

या हिशोबात शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानाचा आकडा कुठेच नाही, हे नीट पाहायला हवं. त्याची तूर पूर्ण गेली असेल आणि मंडळाची सरासरी ६५० किलो आली असेल तर त्याला काही मिळत नाही. त्याची उत्तम आली आणि मंडळाची ५०४ आली, तर त्यालाही ९,००० मिळतात. पूर्वी याच्या जोडीला वैयक्तिक नुकसानीचे काही दरवाजे होते : गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती, काढणीनंतर रानात वाळत पडलेल्या पिकाचं नुकसान, पेरणीच न होणं, हंगामाच्या मध्यात आलेली मोठी प्रतिकूलता. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने ही चार दारं बंद केली आणि सगळी भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली. त्यामुळे हंगामाच्या कापणीच्या टोकाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वजन आलं आहे.

ते कसं, हे त्याच अवकाळी पावसात दिसतं. समजा मंडळातले तुरीचे बरेचसे प्रयोग डिसेंबरअखेरीलाच उरकले होते. कृषी सहायक, ग्रामसेवक, तलाठी यांनी निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचे चौकोन आखून, तूर कापून, बडवून, वजन घेऊन आकडा नोंदवला. पाऊस त्यानंतर आला. मग मागास पेरणीची, उभ्या असलेल्या तुरीची जी नासाडी झाली ती आकड्यात नाहीच. तेच हरभऱ्याचे प्रयोग फेब्रुवारीत होणार; त्या पावसाची मार हरभऱ्याच्या आकड्यात पूर्ण उतरेल. एकाच रात्रीच्या पावसाने खरिपाच्या खात्यात शून्य आणि रब्बीच्या खात्यात भरपाई, असं घडू शकतं, आणि त्यात कोणी लबाडी केलेली नसते.

पैसे कधी येतील याचंही कोडं इथेच सुटतं. ‘खरिपाचा विमा शेजाऱ्याला आला, मला नाही’ ही तक्रार बऱ्याचदा सोयाबीनवाला आणि तूरवाला यांच्यातली असते. दोघांचा हंगाम कागदावर एकच, पण सोयाबीनचा आकडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात तयार होतो आणि तुरीचा जानेवारीच्या पुढे. कापूसवाल्याचं त्याहून अवघड. त्याच्या वेचण्या संपायलाच फेब्रुवारी उजाडतो.

सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांत खरी डोकेदुखी ज्वारीची. या पट्ट्यातली मुख्य ज्वारी रब्बीची. तिला पश्चिम महाराष्ट्रात शाळू म्हणतात, खानदेशात दादर, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन आहे. ती पेरतात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर. म्हणजे ज्या दिवसांत ती उगवून वर येत असते, त्या दिवसांत ई-पीक पाहणी खरिपाची चालू असू शकते. ती ऑगस्टपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते आणि मुदत वाढली की आणखी पुढे जाते. उत्साही शेतकरी किंवा त्याचा शाळकरी मुलगा रानात जाऊन फोटो काढतो आणि समोर उभी ज्वारी खरिपाखाली नोंदवून मोकळा होतो. पुढे नोव्हेंबरात तोच शेतकरी ‘रब्बी ज्वारी’चा विमा घेतो. आता सातबाऱ्यावर खरीप ज्वारी, विम्यात रब्बी ज्वारी. विमा आणि पीक पाहणी यांत तफावत आढळली तर अर्ज रद्द होऊ शकतो, असं अलीकडच्या शासन निर्णयांत स्पष्ट आहे. ज्वारी खरी, रान खरं, शेतकरी खरा, आणि तरी अर्ज संशयाच्या ढिगात.

म्हणून रब्बीच्या ज्वारीची पाहणी रब्बीच्या खिडकीतच, साधारण डिसेंबर-जानेवारीत करायची. सप्टेंबरात त्या गटात मूग-उडीद होता तर खरिपाखाली तो लिहायचा. काहीच नव्हतं तर ते क्षेत्र पडीक.

ज्वारीच्या नावापुढे कंसात आणखी एक अक्षर असतं, (बा) किंवा (जि). बागायत आणि जिरायत. हा हंगामाच्या आतला पोटभेद. दोन्हींचं उंबरठा उत्पन्न वेगळं, विमा संरक्षित रक्कम वेगळी. विहीर असलेल्याने जिरायत भरली तर रक्कम कमी मिळते; जिरायतवाल्याने सेवा केंद्रावर घाईत बागायत भरून घेतली तर तफावतीचा नवा प्रश्न. पावती हातात आली की रक्कम आणि हप्ता पाहून माणूस ती घडी घालून खिशात ठेवतो. त्याआधी हंगाम आणि वर्ष, पिकाचं पूर्ण नाव कंसासकट, गट नंबर आणि क्षेत्र, आणि महसूल मंडळ एवढं तिथेच उभं राहून वाचावं. मुदत संपण्याआधी दुरुस्ती होते, नंतर अर्ज-विनंत्या उरतात.

इथे दुसऱ्या एका सरकारी खरीप-रब्बीशी होणारी गल्लत सांगायलाच हवी. महसूल खात्याकडे गावंच खरिपाची आणि रब्बीची अशी विभागलेली असतात, मुख्य पेरा कोणता त्यावरून. त्यानुसार पैसेवारी जाहीर होते. खरीप गावांची अंतिम पैसेवारी डिसेंबरात, रब्बी गावांची मार्चच्या सुमारास. ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती लागू होतात. वर्तमानपत्रात ‘तालुक्यातील सर्व गावांची पैसेवारी पन्नासच्या आत’ असं छापून आलं की गावात पीक विमा मंजूर झाल्याची हवा होते. पैसेवारी आणि विमा यांचा काही संबंध नाही. आणि रब्बी गावात राहणारा माणूस सोयाबीनचा विमा घेतो तेव्हा तो खरिपाचाच असतो. गाव रब्बीचं असलं म्हणून पीक रब्बीचं होत नाही. विमा पिकाला हंगाम चिकटवतो, पैसेवारी गावाला.

राहता राहिले टक्के. खरिपाला दोन आणि रब्बीला दीड, ही रचना २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली तेव्हापासूनची. नगदी आणि फळबागेच्या पिकांना पाच टक्के, तिथे हंगामाचा फरक नाही. म्हणून कांद्याला खरिपातही पाच आणि रब्बीतही पाच, कापसालाही पाच. रब्बीला दर कमी ठेवण्यामागची धारणा अशी दिसते की खरीप पावसाच्या लहरीवर आणि रब्बी पाण्याच्या सोयीवर, म्हणून रब्बीत धोका कमी. पंजाबच्या गव्हाला हे लागू पडेल. माणदेशातल्या जिरायत ज्वारीला नाही. ती परतीच्या पावसाने जमिनीत मुरवलेल्या ओलीवर तगते. हस्त कोरडा गेला की पेरणीच होत नाही. देशभरासाठी एक शब्द वापरला की असं होणारच. याआधीची १९९९-२००० च्या रब्बीपासून सुरू झालेली राष्ट्रीय कृषी विमा योजना थोडी तरी बारकाव्यात शिरली होती. तिथे खरिपात बाजरी आणि तेलबियांना साडेतीन टक्के, इतर खरीप धान्यांना अडीच, रब्बीत गव्हाला दीड आणि बाकीच्यांना दोन, असे दर होते. गहू आणि ज्वारी यांच्या रब्बीत फरक आहे हे त्या दरांना ठाऊक होतं.

महाराष्ट्रात मात्र २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि शेतकऱ्यापुरता हा सगळा भेद पुसला गेला. तूर असो, हरभरा असो, कांदा असो, एक रुपया. हंगाम चुकीचा पडला तरी खिशाला काही कळत नव्हतं, त्यामुळे त्या दोन वर्षांत पावती वाचायची सवयही गेली. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन जुने टक्के परत आले. सेवा केंद्राबाहेर ‘गेल्या वर्षी रुपया होता, आता नऊशे कसे?’ अशी हुज्जत त्या जुलैत जागोजागी ऐकू आली. नऊशेचं उत्तर ४५,००० च्या दोन टक्क्यांत आहे, आणि तोच माणूस डिसेंबरात हरभरा घेऊन येईल तेव्हा त्याला कमी टक्के का लागले याचं उत्तर पावतीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेल्या हंगामात.

फळबागवाल्यांना यातलं काहीच लागू नाही. डाळिंब, संत्री, मोसंबी, पेरू यांचा विमा हवामानावर आधारलेल्या वेगळ्या योजनेत आहे आणि तिथे कागदावर खरीप-रब्बी हे हंगाम म्हणून येत नाहीत, मृग बहार आणि आंबिया बहार येतात. बागाईतदार झाडाला ताण देऊन ज्या बहाराची फळं धरतो, त्याच नावाने त्याचा विमा उतरतो. सूचनेतला शब्द आणि रानातला शब्द एकच असल्यामुळे तिथे कोणाला तो समजावून सांगावा लागत नाही; भांडण असतं ते हवामान केंद्र बागेपासून किती कोस दूर आहे याचं.